पैसे मिळाल्याच्या पावतीत पुढच्या बिलाची तारीख कुठून मोजायची

प्रश्न: म्हापशाला आरओ फिल्टर भाड्याने द्यायचा छोटा धंदा आहे. १४० गिऱ्हाईकं, तीन महिन्यांचे १२०० आगाऊ. पैसे आले की मी व्हॉट्सअ‍ॅपवर "पैसे मिळाले, थँक्यू, नेक्स्ट बिल अमुक तारखेला" टाकतो, तारीख पैसे आल्यापासून तीन महिने मोजून. पण वहीप्रमाणे बिल गेलं की लोक म्हणतात अजून तारीख झाली नाही, आत्ताच तर भरले. मेसेज कसा लिहू की भांडण होणार नाही?

उत्तर:

मी फोंड्याला आहे. नवऱ्याचा पाण्याचे फिल्टर आणि इन्व्हर्टरच्या मेंटेनन्सचा धंदा, बिलं आणि पावत्या गेली १६ वर्षं माझ्याकडे. तुमच्या मेसेजची भाषा ठीकच आहे हो, गोंधळ तारखेत आहे. तुमच्याकडे दोन घड्याळं चालू आहेत, एक वहीतलं, ज्यात मशीन बसवल्याच्या तारखेपासून तिमाही मोजली जाते, आणि दुसरं तुमच्या मोबाईलमधलं, ज्यात पैसे आले त्या दिवसापासून. पावती एका घड्याळावर जाते, बिल दुसऱ्या. गिऱ्हाईक तुमचीच पावती तुम्हाला दाखवतंय आणि ते बरोबर आहे.

तुम्ही आकडे दिले नाहीत म्हणून मीच एक उदाहरण धरते. समजा पर्वरीच्या एका काकींकडे ५ एप्रिल २०२५ ला मशीन बसवलं. पहिली तिमाही ५ एप्रिल ते ४ जुलै, तिचे पैसे त्याच दिवशी मिळाले. दुसरं बिल ५ जुलैला गेलं, काकींनी ते भरलं १७ जुलैला. तुम्ही लिहिलं "नेक्स्ट बिल १७ ऑक्टोबर". वहीत मात्र दुसरी तिमाही ४ ऑक्टोबरला संपते म्हणून तुमचा पोरगा किंवा तुम्ही स्वतःच ५ ऑक्टोबरला बिल पाठवलं. काकींच्या हिशोबाने तुम्ही १२ दिवस आधी पैसे मागताय, तुमच्या हिशोबाने एक दिवसही आधी नाही, आणि दोघांच्याही हातात पुरावा आहे.

मग दोनातलं एक घड्याळ बंद करायचं. कुठलं, हे थोडं धंद्यावर अवलंबून आहे. ज्या सेवेत पैसे आले तरच सेवा सुरू होते, म्हणजे रिचार्जसारखा मामला, पैसे संपले की बंद, तिथे पैसे आल्याच्या तारखेपासून मोजणं बरोबर, कारण मधले दिवस त्या माणसाने काही वापरलेलंच नसतं. पण तुमचं मशीन काकींच्या स्वयंपाकघरात भिंतीला आहे, ५ जुलै ते १७ जुलै ते पाणी गाळतच होतं, काकी ते पाणी पीतच होत्या. ते १२ दिवस वापरलेले आहेत. तारीख १७ पासून धरली की ते दिवस फुकट गेले.

आणि हे एकदाच होत नाही. जो माणूस १२ दिवस उशिरा भरतो तो बहुतेक दर वेळी साधारण तेवढाच उशिरा भरतो, सवय असते ती. १७ ऑक्टोबरचं बिल काकी २९ ऑक्टोबरला भरणार, मग पुढची तारीख २९ जानेवारी, ते भरणार १० फेब्रुवारीला. चार तिमाह्यांत ४८ दिवस. तिमाहीचे १२०० म्हणजे दिवसाला साधारण १३ रुपये, म्हणजे एका गिऱ्हाईकामागे वर्षाला सव्वासहाशेच्या आसपास. १४० पैकी ४० जण जरी असे असले तरी वर्षाला पंचवीस हजार. हे पैसे कोणी बुडवले नाहीत, तुमच्या पावतीनेच सोडून दिले. शिवाय वेळेवर भरणाऱ्याला त्याचा काही फायदा नाही, उशिरा भरणाऱ्याला दर वेळी दिवस फुकट, हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, तारीख मशीन बसवल्याच्या दिवसावरूनच धरायची, पैसे कधीही येवोत. पण मग पावतीत एक गोष्ट लिहायलाच पाहिजे जी तुमच्या मेसेजमध्ये नाही, ती म्हणजे हे पैसे कुठपासून कुठपर्यंतचे. ती नसेल तर माणूस स्वाभाविकपणे पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजतो, आपणही दुसरीकडे पैसे भरले की तसंच मोजतो. कालावधी लिहिला की पुढची तारीख त्यातूनच निघते, वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

काकींची १७ जुलैची पावती मी अशी लिहिली असती:

"काकी नमस्कार. १२०० रुपये १७ जुलै २०२५ ला आमच्या खात्यात जमा झाले, धन्यवाद. पावती नंबर २१८. हे ५ जुलै ते ४ ऑक्टोबर २०२५ या तीन महिन्यांचं भाडं. आता काही बाकी नाही. पुढचं बिल ५ ऑक्टोबरला पाठवू."

एवढंच. यात क्रम मुद्दाम तसा आहे. आधी पैसे पोचले हे, कारण पैसे पाठवलेल्या माणसाला पहिली काळजी तीच असते. मग कशाचे पैसे, मग बाकी आहे की नाही, आणि सगळ्यात शेवटी पुढचं बिल. पुढच्या बिलाची ओळ वर आली की आभाराचा मेसेज तगाद्यासारखा वाचला जातो, आत्ता पैसे दिलेत आणि लगेच पुढचे मागतायत असं होतं. मी सुरुवातीला पहिल्याच ओळीत "नेक्स्ट ड्यू" टाकायचे, एका म्हाताऱ्या काकांनी मला त्यावर फोन करून विचारलं होतं की बाय, माझे पैसे पोचले नाहीत काय. त्यांनी फक्त पहिली ओळ वाचली होती.

"आता काही बाकी नाही" ही ओळ छोटी आहे पण सोडू नका. जुनं ३०० रुपये येणं असेल आणि नुसतं "१२०० मिळाले" लिहिलं तर सहा महिन्यांनी ते ३०० मागताना तुम्हीच चोर ठरता. अर्धे पैसे आले तर तिथे नेमकं उलटं लिहायचं. समजा काकींनी ७०० च पाठवले. तर "७०० रुपये मिळाले, या तिमाहीचे ५०० बाकी आहेत" हे एकाच वाक्यात, आणि पुढच्या बिलाची तारीख त्या मेसेजमध्ये मी घालतच नाही. का, तर "पुढचं बिल ५ ऑक्टोबर" वाचलं की माणसाच्या डोक्यात तोपर्यंतचा विषय मिटतो, ५०० रुपये पुढच्या बिलात बघू असं होतं. उरलेले ५०० आले की मग पूर्ण पावती, कालावधी आणि तारखेसकट. तारीख मात्र तीच राहते, ५ ऑक्टोबर, अर्धे पैसे उशिरा आले म्हणून ती सरकत नाही.

तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा. ०५/१० लिहू नका. आपल्या गोव्यात हे जास्तच लागतं कारण घरातलं कोणी ना कोणी बाहेर असतं, आणि अमेरिकेत राहून आलेला माणूस ०५/१० म्हणजे १० मे वाचतो. माझ्याकडे मेसेज दोन तयार आहेत, एक मराठीत, एक इंग्रजीत, कारण मडगाव बाजूच्या बऱ्याच गिऱ्हाईकांना देवनागरी वाचायला त्रास होतो. पण दोन्हीत वाक्यांचा क्रम तोच. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय करून ठेवा, आकडे तेवढे बदलायचे.

पुढच्या बिलाची रक्कम लिहावी का? मी आता लिहीत नाही, नुसती तारीख लिहिते. एका वर्षी आम्ही एप्रिलपासून भाव वाढवला, आणि जानेवारीच्या पावत्यांत मी "पुढचं बिल १००० रुपये, अमुक तारखेला" लिहून बसले होते. एका गिऱ्हाईकाने ती पावती समोर ठेवली. मी वाढीव पैसे मागितले नाहीत, त्या तिमाहीत जुन्याच भावाने घेतले, आणि फक्त त्याच्याकडून नाही, ज्यांना ज्यांना ते लिहून दिलं होतं त्या सगळ्यांकडून. लेखी दिलं ते दिलं. भाव पक्का असेल, करारात वर्षभराचा लिहिला असेल, तर रक्कम टाकायला हरकत नाही, लोकांना बरं पडतं ते.

आणि बिलाची तारीख आणि भरायची शेवटची तारीख या दोन वेगळ्या आहेत, पावतीत एकच टाका. ५ ऑक्टोबरला बिल, १५ पर्यंत भरायची मुदत, असं दोन्ही लिहिलं की लोक एकच लक्षात ठेवतात आणि ती नेहमी नंतरची. शेवटची तारीख बिलात येऊ दे, तिची जागा तिथेच. याला एकच अपवाद, ज्या गिऱ्हाईकाने यूपीआय ऑटोपे लावलंय. त्याला बिलापेक्षा खात्यातून पैसे कधी जाणार हे महत्त्वाचं, म्हणून तिथे "५ ऑक्टोबरला तुमच्या खात्यातून १२०० आपोआप जातील" असं स्वच्छ लिहा, रकमेसकट. "पुढचं बिल पाठवू" लिहिलं तर तो बिलाची वाट बघतो आणि पैसे परस्पर गेल्यावर चिडतो.

आता पावती कधी पाठवायची, याच्यावर थोडं जास्त बोलते कारण मार मी इथेच खाल्लाय. स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले नाहीत. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने स्क्रीनशॉट टाकला, मी शुक्रवारच्या गडबडीत नीट बघितलं नाही आणि लगेच पावती पाठवून दिली. त्या स्क्रीनशॉटवर पेमेंट प्रोसेसिंगमध्ये होतं, पूर्ण झालेलं नव्हतं. ते पुढे फेल झालं आणि पैसे त्याच्याच खात्यात परत गेले. त्याच्याकडे माझी पावती, माझ्या खात्यात काही नाही. त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही, परत आलेली रक्कम त्याने बघितलीच नव्हती. पण ते मिटवायला दोन महिने गेले आणि शेवटी त्याचं बँक स्टेटमेंट मागायची वेळ आली, जे मागताना मला फार लाज वाटली.

त्यानंतर मी दोन मेसेज करते. स्क्रीनशॉट आला की लगेच, "स्क्रीनशॉट मिळाला, खात्यात बघून आज संध्याकाळपर्यंत पावती पाठवते." याने समोरच्याला उत्तर मिळतं, तो ताटकळत नाही, आणि आपण अजून काही कबूल केलेलं नसतं. मग रोज सात वाजता मी बँकेची एन्ट्री उघडून बसते आणि जमा झालेल्या एकेका रकमेची पावती करते. स्क्रीनशॉटवर जुळवायचं ते नाव नाही, तो १२ आकडी यूटीआर नंबर. कारण नावं जुळत नाहीतच, मशीन आईच्या नावावर, पैसे मुलगा पाठवतो, मुलाच्या खात्यावर तिसरंच आडनाव इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचं. आणि तुमच्या १४० जणांची रक्कमही सारखीच, १२००, त्यामुळे एकाच दिवशी चार १२०० आले की कोणाचे कोणते हे रकमेवरून कळायचं नाही. प्रत्येक गिऱ्हाईकाला एक नंबर द्या आणि पैसे पाठवताना नोटमध्ये तो टाकायला सांगा. अर्धे लोक टाकतील, अर्धे नाही, पण अर्धं काम तरी कमी होतं. आणि ज्या १२०० चा मालक कळला नाही त्याची पावती अंदाजाने कोणालाही पाठवू नका, एक दिवस थांबा, विचारा.

रोख असेल तर तिथल्या तिथे पावती, पोरगा वसुलीला गेला असेल तर छापील पुस्तकातली, कार्बन कॉपीसकट, आणि संध्याकाळी तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर. एकाच पावतीत ५००० च्या वर रक्कम असेल, म्हणजे कोणी वर्षाचे एकदम दिले आणि दोन मशीनं आहेत वगैरे, तर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही करायची. चेक असेल, हॉटेलवाले आणि सोसायट्या देतात, तर पहिल्या मेसेजमध्ये "चेक मिळाला" आणि चेक नंबर, आणि पैसे मिळाल्याची पावती तो वटल्यावर. चेकवरची तारीखही घेतानाच बघा, त्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत जायला हवा.

जीएसटीचं विचारलं नाहीत पण एक ओळ लिहिते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी घेतली नसेल तर पावतीवर जीएसटी हा शब्दसुद्धा नको, वेगळा कर दाखवून घेता येत नाही. तुमचे १४० गुणिले ४८०० म्हणजे पावणेसात लाखांच्या आसपास होतात, म्हणजे बाकी काही मोठा धंदा नसेल तर तुम्ही त्यात बसता. नोंदणी असेल तर गोष्ट वेगळी, आगाऊ पैशांची रिसिप्ट व्हाऊचर म्हणून ठरलेल्या तपशिलांची पावती असते, टॅक्स इन्व्हॉईस आधी गेलं की पैसे आधी आले यावर ते ठरतं. ते तुमच्या सीएकडून एकदा नमुना करून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज त्याच्या जागी चालणार नाही, सोबत चालेल.

आता वही. तारीख दर वेळी बोटावर मोजू नका, चुकते. "तीन महिने" आणि "९० दिवस" एक नाहीत, चार वेळा ९० म्हणजे ३६०, वर्षाला पाच दिवस तारीख मागे येते. एक साधी शीट करा. बी कॉलममध्ये मशीन बसवल्याची तारीख, पैसे कधी आले यावरून ती कधी बदलायची नाही. सी कॉलममध्ये किती तिमाह्यांचे पैसे पूर्ण आले तो आकडा. पुढच्या बिलाची तारीख डी कॉलममध्ये अशी:

```
=EDATE($B2, 3*$C2)
```

आणि पैसे कुठपर्यंतचे झाले ती तारीख, जी पावतीत "ते" च्या पुढे येते, ई कॉलममध्ये:

```
=EDATE($B2, 3*$C2)-1
```

काकींचं बघा, बी मध्ये ५ एप्रिल २०२५, दोन तिमाह्या भरल्या म्हणून सी मध्ये २, तर डी मध्ये ५ ऑक्टोबर २०२५ आणि ई मध्ये ४ ऑक्टोबर. ५ ऑक्टोबरच्या ऐवजी ४५९३५ असा आकडा दिसला तर काही बिघडलं नाही, त्या कॉलमचा फॉरमॅट तारीख करा. पैसे आले की हातात फक्त एकच काम, सी मधला आकडा एकने वाढवायचा. अर्धे आले तर वाढवायचा नाही. या शीटमध्ये पैसे आल्याच्या तारखेचाही कॉलम ठेवा, पण तो नोंदीपुरता, त्याच्यावरून काहीही मोजलं जाता कामा नये.

दर वेळी आधीच्या बिलाच्या तारखेत तीन महिने मिळवले तर काय बिघडतं असं वाटेल, बहुतेक तारखांना काहीच नाही, महिनाअखेरीला बिघडतं. ३० नोव्हेंबर २०२५ ला बसवलेलं मशीन घ्या. तीन महिन्यांनी २८ फेब्रुवारी, कारण फेब्रुवारीत ३० नाही. आता त्या २८ मध्ये तीन महिने मिळवले तर २८ मे येतं आणि ती तारीख कायमची २८ होऊन बसते. मूळ ३० नोव्हेंबरपासून सहा महिने मोजले तर ३० मे, बरोबर. वरच्या फॉर्म्युल्यात बी धरून ठेवलाय तो यासाठीच.

कधी कधी तारीख खरंच सरकवायची असते आणि तेव्हा ती मोकळेपणाने सरकवावी. मशीन दुरुस्तीला आणलं आणि दहा दिवस काकींकडे पाणी नव्हतं, तर ते दहा दिवस तुमचे. आपल्याकडे बंद घरंही खूप, लोक मुंबईला किंवा मुलाकडे जातात आणि चवथीला परत येतात, मे ते ऑगस्ट मशीन बंद. तिथे आधी ठरवा की बंद काळाचं भाडं घेणार की नाही. मी मशीन तिथेच पडून असेल तर एक महिन्यापर्यंतचं घेते, कारण मशीन दुसऱ्याला देता येत नाही, त्याहून जास्त असेल आणि जायच्या आधी सांगितलं असेल तर तारीख पुढे नेते. तुम्ही वेगळं ठरवाल. पण सरकवली की पावतीत कारणासकट लिहा, "मशीन १० दिवस दुरुस्तीला होतं म्हणून पुढचं बिल ५ ऐवजी १५ ऑक्टोबरला." आणि शीटमध्ये बी मधली तारीख तेवढेच दिवस पुढे करा, कारणही लिहून ठेवा, नाहीतर वर्षाने तुम्हालाच कळणार नाही हे १५ कुठून आलं.

चुकीची पावती गेली तर? १५ मिनिटांच्या आत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज एडिट करता येतो, तारखेची साधी चूक असेल आणि समोरच्याने अजून वाचली नसेल तर करा. नंतर कळली तर जुनी डिलीट करू नका, "हा मेसेज डिलीट केला" असं दिसलं की माणसाला संशय येतो. नवीन पाठवा, पावती नंबर तोच, वर "सुधारित पावती" आणि काय बदललं ते एका ओळीत.

आता तुमच्यापुढे ज्यांना चुकीच्या तारखा आधीच लिहून गेल्यात त्यांचा प्रश्न राहतो, आणि ते बहुतेक बरेच जण असतील. माझा सल्ला, जे लिहून दिलंय ते पाळा. काकींना १७ ऑक्टोबर लिहिलंय ना, मग ५ ऑक्टोबरचं बिल मागे घ्या, तसं त्यांना कळवा, आणि १७ ला पाठवा. १२ दिवसांचे दीडशे रुपये गेले समजा, ते मागायला जाऊ नका, चूक त्यांची नाही. फक्त तिथून पुढे ती तारीख खिळवून टाका. शीटमध्ये काकींच्या बी मध्ये १७ जुलै २०२५ लिहा, सी मध्ये १, म्हणजे डी मध्ये १७ ऑक्टोबर येईल. मग त्या १७ ऑक्टोबरचं बिल २९ ला भरोत की नोव्हेंबरात, पुढची तारीख १७ जानेवारीच.

१४० च्या १४० एकदम बसून करायची गरज नाही. ज्याचे पैसे येतील त्याची त्या दिवशी ओळ नीट करा, तीन महिन्यांत सगळे एकदा येऊन जातील. आणि त्या पहिल्या नव्या पावतीत प्रत्येकाला एक जास्तीची ओळ टाका: "यापुढे तुमची बिलाची तारीख दर तिमाहीला १७ च राहील, पैसे थोडे पुढेमागे झाले तरी ती बदलणार नाही." मी आमच्याकडे असं केलं तेव्हा दोन-तीन जणांनी फोन करून विचारलं म्हणजे नक्की काय, त्यांना फोनवर सांगितलं, "आधी भरलेत तरी तुमचे दिवस कमी होत नाहीत, नंतर भरलेत तरी वाढत नाहीत." आधी भरणाऱ्यांना हे जास्त आवडतं, त्यांना आजवर वाटत असतं की लवकर भरलं की आपलं नुकसान होतं, आणि तुमच्या जुन्या पद्धतीत ते खरंच होत होतं, ५ ऑक्टोबरचं बिल ३० सप्टेंबरलाच भरणाऱ्याला तुम्ही पुढची तारीख ५ जानेवारीऐवजी ३० डिसेंबर देत होता, त्याचे सहा दिवस तुमच्याकडे राहत होते. अशी माणसं शोधा आणि त्यांचे दिवस आधी परत द्या, बी मधली मूळ तारीख ठेवली की ते आपोआप होतं.